बर्फ टाकीच्या बाहेर, कारण टाकीच्या आत

नाशिककडचं डिसेंबरातलं लग्न. पहाटे चारला आचाऱ्याची मोठी भट्टी पेटते, कढईत तेल तापतं, बुंदी पडायला लागते. तासाभरात शेजारी उभ्या असलेल्या १९ किलोच्या गॅसटाकीच्या खालच्या अंगाला आधी ओल सुटते, मग तिचा पांढरा, खरखरीत थर होतो. आणखी थोड्या वेळानं ज्योत बसते. कुणी म्हणतं, गॅस गोठला. कुणी टाकी हलवून पाहतं, तर कुणी उकळतं पाणी आणायला धावतं.

टाकीत काहीही गोठलेलं नसतं. आपल्या स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन गोठायला उणे १८८ अंश सेल्सिअस लागतात आणि ब्युटेनला उणे १३८. अशी थंडी पृथ्वीवर कुठंच पडत नाही. तो पांढरा थर गॅसचा नसून हवेतल्या पाण्याचा असतो. प्रश्न एवढाच, की ज्या टाकीतून एवढी आग निघते ती स्वतः बर्फासारखी का होते?

टाकी हलवली की आत काहीतरी डचमळतं. तो द्रव आहे. दाबाखाली ठेवल्यामुळे हे मिश्रण द्रवरूप राहतं. टाकी भरतानाही ती काठोकाठ भरत नाहीत; सुमारे ८५ टक्के जागेत द्रव असतो आणि वरच्या जागेत त्याचीच वाफ. रेग्युलेटरमधून शेगडीकडे जाते ती ही वरची वाफ. ती निघून गेली की आतला दाब किंचित उतरतो, आणि दाब उतरताच खालचा द्रव उकळून नवी वाफ वर पाठवतो. म्हणजे शेगडीवर भाजी शिजते तेव्हा टाकीच्या आतही उकळणं चालू असतं, फक्त त्याला खालून जाळ नसतो.

जाळ नसला तरी उष्णता लागतेच. द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात. त्यांतल्या एखाद्याला वाफ होऊन सुटायचं तर ती ओढ तोडावी लागते, शिवाय बाहेर पसरताना वाफेला जागा करून घ्यावी लागते. या दोन्ही कामांना मिळून जी उष्णता लागते तिला बाष्पीभवनाची एन्थाल्पी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हीच गोष्ट बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणून भेटते. ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात पाण्यावर प्रयोग करून ती ओळखली. उकळत्या पाण्याला उष्णता देत राहिलं तरी त्याचं तापमान चढत नाही, ती सगळी वाफ करण्यात खर्च होते, हे त्यांनी दाखवलं. टाकीत याच गोष्टीची उलट बाजू दिसते: उष्णता कुणी देत नसेल तर द्रव ती स्वतःतूनच काढतो आणि थंड होतो. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. झिरपलेलं पाणी उडून जाताना मागे राहिलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं.

आता आचाऱ्याच्या टाकीचा हिशेब मांडू. नेहमीच्या तापमानाला एक किलो द्रवरूप गॅसची वाफ व्हायला साधारण ३६० किलोज्यूल उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी १५ अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. तोच एक किलो गॅस जाळला की सुमारे ४६,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे बाष्पीभवनाचा खर्च ज्योतीच्या उष्णतेच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. मात्र तो भागवायचा टाकीनं, आणि ज्योतीची उष्णता जाते कढईला. सगळी अडचण इथं आहे.

भट्टी तासाला दोन किलो गॅस पिते असं धरू. मग टाकीतून तासाला ७२० किलोज्यूल, म्हणजे सतत २०० वॅटच्या दरानं उष्णता ओढली जाते. टाकीत १० किलो द्रव उरला आहे आणि पहाटेची हवा १५ अंशांवर आहे. या द्रवाला आणि पोलादी टाकीला मिळून एका अंशानं थंड करायला जवळजवळ ३३ किलोज्यूल काढावे लागतात. बाहेरून काहीच मदत आली नाही तर तासाभरात तापमान २२ अंशांनी उतरेल. टाकी हवेपेक्षा थंड झाली की हवा तिला थोडी उष्णता देऊ लागते, त्यामुळे प्रत्यक्षात घसरण १८ अंशांच्या आसपास होईल. पंधरातून अठरा गेले: तासाभरात टाकी शून्याखाली. पहिल्या घाण्यांच्या वेळी कोरडी असलेली टाकी पाचच्या सुमारास पांढरी का दिसते, ते या वजाबाकीतच आहे.

घरच्या टाकीला असं का होत नाही? घरातला मोठा बर्नर पूर्ण उघडला तरी तासाला १७० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. त्यासाठी १७ वॅट उष्णता पुरते, आणि ओट्याखालची हवा तेवढी सहज देते. टाकी चार-पाच अंशांनी गार होऊन तिथंच थांबते. हात लावला तर जाणवेल, डोळ्यांना काही दिसणार नाही. म्हणजे थंडीचं मूळ गॅसच्या प्रकारात नसून तो ओढण्याच्या वेगात आहे.

थर कुठं धरतो हेही पाहण्यासारखं आहे. तो टाकीच्या खालच्या भागात असतो आणि वर एका आडव्या रेषेशी संपतो. उष्णता द्रवातून ओढली जाते, म्हणून द्रवाला टेकलेला पत्रा गार पडतो. वरच्या पत्र्यामागे नुसती वाफ असते आणि वाफ उष्णता फार हळू वाहून नेते. त्यामुळे ही रेषा म्हणजे आतल्या द्रवाची पातळीच असते. गॅस संपत जातो तशी ती खाली सरकते, आणि त्यासोबत एक अडचण वाढते: द्रवाला टेकलेला पत्रा जितका कमी, तितकी हवेकडून मिळणारी उष्णताही कमी. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा लवकर गारठते ती यामुळे.

हवामानाप्रमाणे हे दृश्य बदलतं. मुंबईत जुलैमध्ये हवा इतकी दमट असते की टाकी तीन-चार अंशांनी गार झाली तरी तिच्यावर थेंब धरतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तीच टाकी बरीच थंड होऊनही कोरडीच राहील. आणि टाकीवर जमणारं हे पाणी तिला मदतच करतं. हवेतली वाफ पाणी होताना आपली उष्णता सोडते, आणि पाण्याची ही उष्णता फार मोठी असते. एक ग्रॅम दव जमलं तर त्यातून सहा-सात ग्रॅम गॅसची वाफ होण्याइतकी उष्णता पत्र्याला मिळते.

मग ज्योत का बसते? कारण द्रव जितका थंड, तितका त्याच्या वाफेचा दाब कमी. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे कडक थंडीतही त्याचा दाब टिकतो. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली त्याचा दाब हवेच्या दाबाइतकाही उरत नाही, मग तो नळीतून बाहेर येणार कसा? मिश्रणातला प्रोपेन उडायला चपळ असल्यामुळे तो आधी जास्त प्रमाणात निघून जातो आणि तळाशी ब्युटेनचा वाटा वाढत जातो. टाकी सर्वांत थंड होते नेमकी तेव्हाच तिच्यात सर्वांत मंद उडणारा गॅस उरलेला असतो. आचारी ती रिकामी समजून बाजूला ठेवतो, आणि दुपारी उन्हं आल्यावर तीच टाकी पुन्हा पेटते. दुसरा गॅस आलेला नसतो, द्रवाला पुन्हा उष्णता मिळालेली असते.

अशा वेळी जे उपाय केले जातात त्यांतले काही जिवावर बेतू शकतात. टाकी आडवी किंवा उलटी केली तर रेग्युलेटरकडे वाफेऐवजी द्रव जातो. एक लिटर द्रवाची सुमारे अडीचशे लिटर वाफ होते, त्यामुळे ज्योत अचानक भडकते. टाकीखाली निखारे किंवा दिवटी धरणं तर सरळ आगीला बोलावणं आहे. उकळतं पाणीही नको. टाकीत १५ टक्के जागा मोकळी ठेवतात ती द्रव तापून फुगला तर त्याला सामावण्यासाठी; भरलेली टाकी जास्त तापली आणि ती जागा संपली, तर दाब झपाट्यानं चढतो. काही जण टाकीला गोणपाट गुंडाळतात. यात धोका कमी, पण उपाय उलटा आहे. टाकी हवेपेक्षा थंड आहे, तिला उष्णता हवेकडूनच मिळायची आहे, आणि गोणपाट तीच वाट अडवतं.

खरा उपाय म्हणजे ओढ वाटून देणं. एकाच भट्टीला दोन टाक्या एका जोडनळीवर लावल्या की प्रत्येकीतून १०० वॅटच निघतात आणि तासाची घसरण निम्मी होते. आपल्या उदाहरणात पाच वाजता दोन्ही टाक्या सहा अंशांच्या आसपास असतील, बर्फाविना. हॉटेलांच्या मागच्या बाजूला टाक्यांची रांग असते तिचं एक मोठं कारण हे आहे. साठा तर हवाच, पण पत्र्याचं क्षेत्रफळही हवं. त्या टाक्या एकमेकींना चिकटवू नयेत, मधून हवा खेळू द्यावी. फार मोठ्या स्वयंपाकघरांत टाकीतून द्रवच बाहेर काढतात आणि वेगळ्या बाष्पकात, म्हणजे वेपोरायझरमध्ये, उष्णता देऊन त्याची वाफ करतात. त्यासाठीच्या टाक्या आणि त्यांच्या झडपा वेगळ्या असतात; साध्या टाकीवर हा प्रयोग करायचा नाही.

एक भेद मात्र ओळखता आला पाहिजे. जोराच्या वापरात टाकीभोवती खालून सारखा चढलेला थर हा वर सांगितलेल्या हिशेबाचा परिणाम आहे आणि तो घाबरण्यासारखा नाही. पण शेगडी बंद असताना टाकी गार लागली, किंवा झडपेजवळ, रेग्युलेटरच्या जोडावर एकाच ठिकाणी बर्फ दिसला, तर गॅस कुठून तरी निसटतो आहे. अशा वेळी झडप बंद करावी, दारं-खिडक्या उघडाव्यात, विजेचं कुठलंही बटण दाबू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा.

आणि ज्योत बसली म्हणून टाकी परत करण्याआधी ती काट्यावर ठेवावी. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं. काट्यावरच्या आकड्यातून ते वजा केलं की आत किती किलो गॅस अजून शिल्लक आहे ते लगेच कळतं. थंडीत हा आकडा अनेकदा दोन-तीन किलोंचा निघू शकतो.