चिठ्ठीवरचा आकडा: सात, चार, पाच की सहा?

व्यापारी घरांत चोपडीतील अक्षर पाहून मुनिमाची पारख होत असे. आता चोपड्या संगणकात गेल्या; मात्र घाईत खरडलेली चिठ्ठी अजूनही पेढीवर येतेच, आणि बहुधा ती स्वतः न येता तिचे छायाचित्र येते. चिठ्ठीवरचा मोबाइल क्रमांक कोणीतरी वहीत उतरवून घेतो, आणि त्याच क्रमांकावर पैसे रवाना होतात.

जीएसटी क्रमांक उतरवताना एखादे अक्षर चुकले तर संगणक तो बहुधा नाकारतो, कारण त्याचे पंधरावे अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने काढलेले असते. मोबाइल क्रमांकाला असा पहारेकरी नाही. पाचाच्या जागी सहा पडला तरी क्रमांक खोटा ठरत नाही. तो दुसऱ्याच कोणाचा तरी खरा क्रमांक असू शकतो. आधार मिळतो तो दोनच गोष्टींचा. आकडे दहा असले पाहिजेत आणि पहिला आकडा 6, 7, 8 किंवा 9 यांपैकीच असला पाहिजे. त्यामुळे पहिल्या स्थानी 5 की 6, 1 की 7, 4 की 9 असा संशय आला, तर पहिल्या बाबतीत 6, दुसऱ्या बाबतीत 7 आणि तिसऱ्या बाबतीत 9 असा निकाल वाचणाऱ्याला तात्काळ लागतो. पुढच्या नऊ स्थानांवर मात्र त्याला डोळ्यांवरच विसंबावे लागते.

एक उदाहरण घेता येईल. सोलापूरच्या एका यंत्रमागधारकाकडून लातूरच्या पेढीने सोळा चादरी मागवल्या, दर चारशे पंच्याहत्तर. माल टेम्पोने आला. चिठ्ठी चालक परत घेऊन गेला. पेढीत राहिले ते मोबाइलवर घेतलेले तिचे छायाचित्र. त्यात इंग्रजी आकड्यांत दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत 16 × 475 = 7600 असा हिशेब, आणि खाली ज्या मोबाइल क्रमांकावर रक्कम पाठवायची तो क्रमांक. क्रमांकाचे पहिले पाच आकडे स्वच्छ आहेत. पुढच्या पाचांत आठवा 0 आणि दहावा 2 हे निःसंशय. सहावा 7 की 4, सातवा 4 की 9, नववा 5 की 6 हे कळत नाही. तीन ठिकाणी दोन-दोन शक्यता, म्हणजे एकूण आठ क्रमांक, आणि सात हजार सहाशे रुपये त्यांपैकी एकाच क्रमांकावर जायला हवेत.

अशा वेळी अनेक जण त्या तीन आकड्यांकडेच पुनःपुन्हा पाहत बसतात. किल्ली खरे तर वरच्या ओळीत असते. सोळा गुणिले चारशे पंच्याहत्तर म्हणजे सात हजार सहाशेच होतात. त्यामुळे त्या ओळीतला प्रत्येक आकडा कोणता, हे अक्षर न पाहताही ठाऊक असते. त्याच हाताने, त्याच लेखणीने काढलेले 7, 4, 5 आणि 6 तेथे खात्रीने हाती लागतात.

वरच्या ओळीतले दोन्ही 7 पोटात आडवी रेघ मारलेले आहेत. ही रेघ सात आणि एक यांची गल्लत टाळण्यासाठी असते. लिहिणारा नेहमी ती मारतो असे दिसले, तर त्याच्या हातची बिनरेघेची तिरपी काठी सात नसून एक असण्याचाच संभव अधिक. सहाव्या आकड्यात तिरपी काठी आहे आणि तिला छेदणारी आडवी रेघही आहे. साताची आडवी रेघ दोन्ही टोकांना मोकळी असते आणि काठीचा माथा डावीकडे जाणाऱ्या रेघेला जोडलेला असतो. चाराचे याच्या उलट असते. त्याच्या आडव्या रेघेचे डावे टोक वरून उतरणाऱ्या हाताला मिळालेले असते आणि उभ्या काठीचा माथा मोकळा असतो. येथे माथा जोडलेला आहे, रेघ मोकळी आहे. म्हणून हा 7. एक खोड मात्र तपासावी लागते. कागदाच्या घडीची सावलीही छायाचित्रात अशीच आडवी रेघ भासते. घडीची रेघ शेजारच्या आकड्यांतूनही सरळ पुढे जाते, लेखणीची रेघ आकड्याबरोबर संपते. येथे ती संपते.

नववा आकडा पाहताना हाताची चाल आठवावी. सहाची सुरुवात वरून होते, रेघ डावीकडून वळत खाली उतरते आणि पोट डाव्या कण्याला येऊन मिळते. म्हणून खालच्या डाव्या कोपऱ्यात शाई असतेच. पाचाचा कणा अर्ध्यावरच संपतो, पोट उजवीकडे फुगते आणि खाली डावीकडे तोंड उघडे राहते. जेल पेनची शाई पसरली की हे तोंड बुजते आणि पाचाचा सहा भासतो. मग पाचाची टोपी शोधावी. ती बहुधा शेवटी, लेखणी उचलून मारलेली असते. घाईत ती आपल्या जागेवरून उडून शेजारच्या आकड्यावर जाऊन बसते. वरच्या ओळीतल्या 475 मधल्या पाचाची टोपी अशीच सुटी आहे. क्रमांकात नवव्याच्या माथ्यावर काहीच नाही, पण दहाव्यावर एक अनावश्यक छोटी रेघ आहे. ती नवव्याची टोपी. शिवाय या माणसाचे दोन्ही 6 इतर आकड्यांहून उंच आहेत आणि नववा तसा नाही. तेव्हा हा 5.

उरला सातवा. वरच्या ओळीतला 4 उघड्या तोंडाचा आहे. खालच्याचे तोंड मिटलेले दिसते, म्हणून तो 9 भासतो. लेखणी न उचलता लिहिलेल्या चाराचे तोंड असेच मिटते. त्याची खूण म्हणजे डावीकडचा टोकदार कोपरा आणि काठी ओलांडून उजवीकडे किंचित पुढे गेलेली रेघ. नवाचे डोके गोल असते आणि काठीच्या उजवीकडे काही डोकावत नाही. येथे उजवीकडे बारीक शेपूट आहे. परंतु चिठ्ठीत दुसरा 9 कोठेच नाही. या माणसाचा नऊ कसा असतो हे पाहिल्यावाचून कौल चाराकडे झुकतो इतकेच म्हणता येते.

लिहिणारा जुन्या पिढीतला असेल तर आणखी एक शंका मनात ठेवावी लागते. गुजराती पाच हा हुबेहूब उघड्या चारासारखा दिसतो, देवनागरी एक इंग्रजी नवासारखा आणि देवनागरी चार आठासारखा. घाईत दोन लिप्यांचे आकडे एका ओळीत येणे व्यापारी हाताला नवे नाही.

छायाचित्र मोठे करून फार लाभ होत नाही. व्हॉट्सअॅपवरून साधे पाठवलेले चित्र दाबून लहान केलेले असते. मूळ चित्र ज्याच्या मोबाइलमध्ये असेल त्याच्याकडून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवले तर बारीक रेघा शाबूत येतात.

आठांपैकी आता दोनच क्रमांक उरतात. चाराचा क्रमांक यूपीआयवर घालून, पैसे न पाठवता, समोर येणारे बँकेतले नाव बिलावरच्या नावाशी ताडून पाहता येते. नाव जुळले तर प्रश्न मिटतो. खाते पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर न जुळण्याने काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी दूरध्वनी करावा आणि समोरच्यालाच त्याचा क्रमांक एकेक आकडा करून सांगायला लावावा. आपण वाचून ‘बरोबर ना?’ असे विचारले की समोरचा अर्धवट ऐकून ‘हो’ म्हणून मोकळा होतो. तोपर्यंत वहीत सातव्या आकड्याखाली रेघ ओढून ठेवावी आणि रक्कम पेढीतच थांबवावी.