दोन मशीनच्या मध्ये

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. सकाळी सातचा स्लॉट मिळाला, तर वडील अकराला मशीनवरून उतरतात. मग सुया काढलेली जागा दाबून धरायची, रक्तदाब बघायचा, रिक्षा मिळवायची. घरी आणून दोन घास खायला घालून त्यांना आडवं करेपर्यंत साडेबारा होतात. ज्या लेकीला हे सगळं करायचं असतं, तिच्या ऑफिसातही एक मशीन असतं. त्यावर पावणेदहाच्या आत अंगठा उमटवावा लागतो.

उदाहरण म्हणून पुण्यात अकाउंट्सचं काम करणारी, पंचेचाळिशीची अशी एक लेक डोळ्यांसमोर आणू. तिला नोकरी बदलायची आहे. नोकरीच्या जाहिरातींत ‘लवचीक वेळ’ हे शब्द तिला पावलोपावली दिसतात. पण ही लवचीकता कुणाची, हे जाहिरात सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी तिचा अर्थ एवढाच असतो, की कर्मचाऱ्याने कधीही फोन उचलावा.

कायद्याचा तिला फारसा आधार नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलांवर टाकतो, पण त्यासाठी मुलांना वेळ द्यायला मालकाला भाग पाडत नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये घरून काम करण्याची तरतूद आली, तीही बाळंतपणाच्या रजेनंतरची आणि दोन्ही बाजूंना मान्य असेल तर. केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांच्या संगोपनासाठी वेगळी रजा आहे, आईवडिलांसाठी नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत हा प्रश्न आला, तेव्हा सरकारने नेहमीच्याच रजांकडे बोट दाखवलं: वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धपगारी, ८ दिवस नैमित्तिक आणि २ ऐच्छिक सुट्या. खासगी नोकरीत जे मिळेल ते बोलून ठरवून आणि लिहून घेऊनच मिळतं.

म्हणून अर्ज करायच्या आधी तिने आठवडा कागदावर मांडला. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसचे. त्या दिवशी दुपारी दीड ते साडेसात, म्हणजे सहा तास. मंगळवार, गुरुवार, शनिवार नऊ ते सहा, मधली जेवणाची सुट्टी सोडून आठ तास. एकूण ४२. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यात सहा कमी पडतात. ‘मला जरा सवलत हवी’ म्हणणाऱ्या उमेदवाराला काय उत्तर द्यावं हे मालकाला कळत नाही. ‘मी ४२ तास देते, ते हे’ असं सांगितलं की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

मग तिने कामाचं वेळापत्रक या कागदाशेजारी ठेवलं. अकाउंट्सच्या कामाला महिन्याची भरती-ओहोटी असते. बऱ्याच कंपन्यांत सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-१ आणि विसाला जीएसटीआर-३बी. ज्या महिन्यात वीस तारीख बुधवारी येते, त्या सकाळी ती रुग्णालयात असणार. तिच्याकडचं काम आदल्या संध्याकाळीच संपवता येत असेल, तर अडचण नाही. पण शाखांची बिलं विसाच्या सकाळपर्यंत येत राहतात अशा कंपनीत साहेब कितीही भला असला तरी तिची ओढाताण होणार. हे विचारल्याशिवाय कळत नाही. ग्राहकाच्या फोनवर चालणाऱ्या किंवा काउंटरवर बसायच्या नोकऱ्या तिने आधीच बाजूला काढल्या, कारण तिथे काम पुढेमागे सरकवता येत नाही.

मुलाखतीत ‘तुमच्याकडे वेळ लवचीक आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. एचआरकडे धोरण असतं, पण ते पाळायचं की नाही हे ज्याच्या हाताखाली काम करायचं तो साहेब ठरवतो. त्यामुळे तिने प्रश्न त्यालाच विचारले, आणि तेही घडून गेलेल्या गोष्टींबद्दल. गेल्या महिन्यात विसाला टीम किती वाजता घरी गेली? टीममधलं कुणी मधूनच घरी गेलं, असं शेवटचं कधी झालं? त्या दिवशी त्याचं काम कुणी केलं? ‘तसं सगळे ॲडजस्ट करतात’ हे उत्तर वजाबाकीत धरायचं. ‘त्या दिवशी अमुकने तमुकची बिलं चढवली’ असं नावानिशी उत्तर आलं, तर तिथे अशी वेळ येऊन गेली आहे आणि निभावलीही आहे.

एक प्रश्न मात्र एचआरलाच विचारायचा: तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापतात का, आणि तिची दीडची वेळ हजेरीच्या मशीनमध्ये वेगळी भरली जाईल का? साहेबाने तोंडी दिलेली परवानगी त्या मशीनला माहीत नसते. महिनाअखेरीला पगार कापला गेला की साहेब म्हणतो, ‘सिस्टिमने कापलं.’

बाहेरून तपासायचेही मार्ग आहेत. अँबिशनबॉक्सवरचे अभिप्राय वाचताना शहर, विभाग आणि तारीख पाहावी. करोनाच्या काळातलं ‘घरून काम, मस्त कंपनी’ आज उपयोगाचं नाही. तीच जागा दर चार महिन्यांनी पुन्हा जाहिरातीत दिसत असेल, तर तिथून सोडून गेलेल्या एखाद्याला गाठावं. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे विसाच्या संध्याकाळी साडेआठला त्या इमारतीखालच्या टपरीवर एक कटिंग घेणं. वरचे दिवे आणि पार्किंगमधल्या गाड्या दिसतातच, आणि चहावाल्याला कुठलं ऑफिस कधी सुटतं हे एचआरपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

होकार आला, की खरी घासाघीस सुरू होते. ४८ तासांना ४०,००० रुपये असतील, तर ४२ तासांचे ३५,००० होतात. हे तिला मान्य आहे. पण पगारासोबत कामही कमी झालं का, हे तिने विचारलंच पाहिजे. काही ठिकाणी ‘मग तुम्ही कन्सल्टंट म्हणूनच या ना’ असं सुचवतात. त्यात वेळेची मोकळीक खरंच मिळते, पण पीएफ, भरपगारी रजा आणि गट आरोग्य विमा बहुधा जातो. त्या विम्यात आईवडील येत असतील आणि जुना आजारही धरला जात असेल, तर डायलिसिसच्या घराला ही मोकळीक फार महाग पडते.

नेमणूकपत्रात ‘कामाच्या वेळा व्यवस्थापन गरजेनुसार बदलू शकेल’ हे वाक्य जवळजवळ नेहमी असतं. ते खोडून मिळणार नाही. तिने त्याखाली एक ओळ मागितली: ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी १.३० ते ७.३०, बदल करायचा असल्यास एक महिन्याची लेखी सूचना.’ ही ओळ पत्रातच हवी, नुसत्या ईमेलवर भागत नाही. कारण आधीचं सगळं बोलणं आणि पत्रव्यवहार रद्द समजावा, असंही एक कलम पुष्कळ नेमणूकपत्रांत खाली बारीक अक्षरांत असतं.

वडिलांच्या आजाराविषयी कधी बोलावं, यावर दोन मतं आहेत. पहिल्या भेटीत तास सांगावेत आणि कारण होकारानंतर, सही करण्याआधी सांगावं, हे जास्त व्यवहारी वाटतं. पण ते सांगावं मात्र जरूर. स्लॉट ठरलेला असला तरी कधी मशीनवर रक्तदाब घसरतो आणि दीडचे तीन होतात. कारण माहीत असलेला साहेब त्या दिवशी नुसता फोन केला तरी समजून घेतो.

प्रोबेशनच्या काळात नवा मालक तिची पारख करत असतो, आणि तीही त्याची करते, एका छोट्या वहीत. डायलिसिसच्या दिवशी दीडच्या आधी आलेले फोन, बुधवारी सकाळी ठेवलेल्या मीटिंगा, साडेसातनंतर ‘एवढं बघून जा’ म्हणून थांबवलेल्या संध्याकाळी, सगळं तारखेसह. पहिल्या महिन्यात सात-आठ फोन आले तर ते नवेपणात धरता येतात. तिसऱ्या महिन्यातही तेवढेच येत असतील, तर ती तारखांची यादी घेऊन साहेबासमोर बसते. नोकरी पक्की झाली की नोटिशीचा काळ बहुतेक ठिकाणी वाढतो, म्हणून हे बोलणं ती त्याआधीच उरकून घेते, एखाद्या मंगळवारी, जेव्हा घड्याळाकडे बघावं लागत नाही.