जीएचबी: सैलपणा आणि बेशुद्धी यांतलं निसटतं अंतर

जीएचबी मेंदूतल्या गाबा-बी ग्राहींना चेतवून मेंदूचं काम मंदावतं. थोड्या मात्रेत अंग सैलावतं, जरा जास्त झाली की शुद्ध हरपते. यकृताची त्याला निकामी करण्याची क्षमता लवकर अपुरी पडते. नार्कोलेप्सीवरच्या सोडियम ऑक्सिबेट या औषधरूपात मात्रा दुप्पट केली, तर रक्तातला एकूण भार सुमारे 3.7 पट होतो. रस्त्यावरच्या द्रवाची तीव्रता तर कळतच नाही.

दारू गाबा-ए ग्राहींमार्फत मेंदू मंदावते. दोन्ही एकत्र आली की श्वास मंदावतो, उलटी श्वासनलिकेत जाते. यावर उतारा नाही. माणूस हलवूनही उठत नसेल, तर ‘झोपू दे’ म्हणू नका. कुशीवर वळवा, श्वासावर लक्ष ठेवा आणि 112 ला फोन करा.