‘थोडे लहान करून द्या’

समजा, एका मराठी वाचनालयाच्या शतकमहोत्सवासाठी बारा पानांचा इतिहास लिहून तयार आहे. कार्यवाह तो मराठीच्या प्राध्यापकांकडे देतात आणि म्हणतात, “सर, हे थोडे लहान करून द्या.” किती लहान आणि कोणासाठी, हे सांगत नाहीत. शाळेतल्या सारांशलेखनात उतारा एक तृतीयांश करायचा असतो; त्या सवयीने हात आपोआप चार पानांकडे वळतो. पण तिथे वाचक म्हणजे परीक्षक, आणि लांबी प्रश्नपत्रिकेने ठरवलेली. इथे दोन्ही ठरायचे आहे.

आधी विचारावे ते लांबीबद्दल नव्हे, वाचकाबद्दल: हे कोण वाचणार आणि वाचून काय करणार? या इतिहासातला एक परिच्छेद घेऊ. संस्थापकांनी घरोघर फिरून वर्गणी जमवली. पहिली दहा वर्षे वाचनालय एका वाड्याच्या ओसरीवर चालले. पुढे स्वतःची जागा झाली. आज अठरा हजार ग्रंथांपैकी तीन हजारांना वाळवी लागली आहे. अनुदानाच्या अर्जाला जोडायचे असेल, तर वाळवीचे वाक्य सर्वांत वर येईल, ओसरी जाईल आणि वर्गणीचा उल्लेख ‘लोकवर्गणीतून उभी राहिलेली संस्था’ एवढाच उरेल. स्मरणिकेत मात्र ओसरी आणि वर्गणी हाच परिच्छेदाचा जीव. वाळवी गाळली तरी चालेल. दोन्ही मजकूर पन्नास शब्दांचे झाले, तरी त्यांत एकही वाक्य सारखे नसेल.

दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: मूळ बारा पाने कुठे राहणार? ती दप्तरात जपली जाणार असतील, तर देणगीदारांची नावे बिनदिक्कत गाळता येतात. लहान मजकूरच मुळाची जागा घेणार असेल, तर गाळलेले नाव कायमचे गेले. महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या संस्थांत असे हस्तलिखित हीच कित्येकदा एकमेव नोंद असते. अशा वेळी यादी परिशिष्टात हलवावी, कापू नये.

तिसरा प्रश्न, मजकूर कोणाच्या नावाने छापणार? मूळ लेखकाच्या नावाने असेल, तर त्याचीच वाक्ये आणि त्याचाच क्रम राखून संक्षेप करावा लागेल. आपल्या शब्दांत आशय सांगितला, तर तो सारांश. आणि गोषवारा हा शब्द मुळात हिशेबाच्या दप्तरातला. त्यात वर्णन नको, निष्पन्न काय ते हवे. कार्यवाह तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

उत्तरे मिळत नसतील, तर प्रश्नांची यादी पाठवू नये. वरचा परिच्छेद दोन्ही प्रकारे लिहून दाखवावा. “हा हवा” असे ते बहुधा लगेच म्हणतात आणि लांबीचाही अंदाज तिथेच येतो. तेवढाही वेळ नसेल, तर ‘स्मरणिकेच्या वाचकासाठी, दोन पाने, असे धरून केले आहे’ ही ओळ वर लिहून मजकूर द्यावा. प्रश्न न सोडवता केलेले काम ओळखू येते: प्रत्येक परिच्छेद सारख्याच प्रमाणात आखडलेला असतो, आणि ‘त्यामुळे’ शिल्लक राहून त्याचे कारण मात्र कापले गेलेले असते.