भवानीची भेट

आमच्या हिशेब विभागातल्या एक ताई नोकरी सोडून पुरणपोळ्यांचा व्यवसाय सुरू करणार होत्या. निरोपाला काय द्यायचं, यावर चहाच्या वेळी खल सुरू झाला. भिंतीवरचं घड्याळ, गणपतीची मूर्ती, यशाचे मंत्र सांगणारं पुस्तक, सगळी नावं पुढं आली. पुस्तकावर एकजण म्हणाला, ‘‘म्हणजे त्यांना अजून शिकवायचंय, असंच ना?’’ पुस्तक बाद झालं.

मग कुणाला तरी भवानी आठवली. दुकानदार दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतो आणि त्या पैशाला कपाळाशी लावतो. आपणच ताईंची भवानी करायची, असं ठरलं. चौदा जणांनी अडीचशे-अडीचशे काढले, साडेतीन हजार जमले. पस्तीस रुपयांची एक, अशा शंभर पोळ्या.

ताई लगेच म्हणाल्या, ‘‘तुम्हाला तीसनं देते.’’ आम्ही ऐकलं नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला उतरवलेला भाव ओळखीपाळखीत पसरतो आणि पुढं वर न्यायला जड जातो. शिवाय डाळ, गूळ, तूप, गॅस आणि मदतनीस बाईंची मजुरी पस्तिसात खरंच बसते का, हे पूर्ण भाव घेतल्याशिवाय कळणार कसं? पैसे आगाऊ दिले, पण तारीख त्यांना निवडू दिली. एका दिवसात किती पोळ्या निघतात, हेही आधी विचारलं. झेपणार नाही एवढी ऑर्डर भेट राहत नाही, परीक्षा होते. आणि ज्याला पोळी आवडत नाही त्यानं दयेपोटी ती घेतली, तर समोरच्याला ते कळतंच.

खरी अडचण आली कार्डावर. ‘घाबरू नका’ असं एकानं लिहिलं होतं; ताई तर घाबरल्याचं कधी बोलल्या नव्हत्या. दुसऱ्याचं वाक्य होतं, ‘नाही जमलं तर इथली खुर्ची आहेच.’ मनात माया होती, पण निरोपाच्या दिवशीच परतीचं तिकीट हातात ठेवल्यासारखं झालं. आम्ही दोन्ही वाक्यं काढली आणि डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं: ‘होळीला तुम्ही आणलेल्या साठ पोळ्यांतली एकही फाटली नव्हती.’ धीर द्यायचा तर असा, पुराव्यासकट.

धंदा विकत घेता येण्यासारखा नसेल, समजा यंत्राचे सुटे भाग बनवायचे असतील, तर हा उपाय चालत नाही. तिथं नव्या नावाचा रबरी शिक्का किंवा छापलेलं बिलबुक द्यावं. पहिल्याच दिवशी हाताशी लागतं.

ठरल्या दिवशी पोळ्या आल्या, सोबत एक क्रमांकाची पावती. दोन-चार पोळ्या कडेला जरा जाड होत्या. तेही ताईंना सांगितलं, गिऱ्हाईक सांगतं तसंच. पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या एकानं घरच्या कार्यासाठी वीस पोळ्या मागवल्या. भाव विचारला, तर ताई म्हणाल्या, ‘‘पस्तीस.’’ या वेळी तीसचं नाव त्यांनीही काढलं नाही.