फोनमधलं गाणं जुन्या ॲम्प्लिफायरवर

ऐंशीच्या दशकातला, रेकॉर्ड प्लेअर आणि कॅसेट डेकसाठी घेतलेला स्टीरिओ ॲम्प्लिफायर अजून बऱ्याच घरांत आहे. रेकॉर्ड प्लेअर गेला, डेकचे पट्टे ढिले झाले, पण ॲम्प्लिफायर आणि त्याचे लाकडी खोक्यातले स्पीकर चांगले आहेत. त्यावर फोनमधली गाणी ऐकायला एकच केबल लागते. तिच्या एका टोकाला हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची पिन असते आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना, एक लाल आणि एक पांढरी किंवा काळी. लाल पिन उजव्या बाजूची, दुसरी डाव्या बाजूची. केबल महागडी घेण्याचं कारण नाही. पिना घट्ट बसतात ना आणि वायर पिनेपाशी लुळी पडलेली नाही ना, एवढं दुकानात पाहून घ्यावं. लाल-पांढऱ्याबरोबर पिवळी पिनही असलेली केबल मात्र घेऊ नका. ती कॅमेऱ्यातलं चित्र टीव्हीवर दाखवण्यासाठी केलेली असते आणि तिच्या जोडण्या वेगळ्या असतात.

खरा प्रश्न ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे उभा राहतो. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या सॉकेटच्या चार-पाच जोड्या असतात: फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप इन, टेप आउट. पिन सगळ्यांत बसते, पण गाणं सगळ्यांतून नीट वाजत नाही. फोनोमध्ये लावलं तर आवाज कर्कश फाटतो, खालचे सूर घुमतात आणि झांजा-टाळांची धार नाहीशी होते. ॲम्प्लिफायर बिघडला असं समजून तो दुरुस्तीला नेला जातो. बिघडलेलं काहीच नसतं.

फोनोचं सॉकेट रेकॉर्डच्या सुईसाठी आहे. सुईतून येणारा विद्युतदाब जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट असतो, म्हणून या सॉकेटच्या मागे तो कितीतरी पट वाढवणारं वेगळं सर्किट बसवलेलं असतं. हेच सर्किट आणखी एक काम करतं. रेकॉर्ड कोरताना खालचे सूर मुद्दाम दबवतात, नाहीतर खाच फार रुंद डुलते. वरचे सूर मुद्दाम चढवतात, म्हणजे वाजवताना ते पूर्ववत उतरवले की तबकडीची खरखरही सोबत उतरते. किती दबवायचं आणि किती चढवायचं याचं प्रमाण अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ साली ठरवलं आणि ते पुढे जगभर रूढ झालं. फोनोमागचं सर्किट नेमकं याच्या उलट करतं. फोनमधलं गाणं मुळातच सरळ असतं. त्यावर ही उलटी दुरुस्ती झाली की ते बिघडतं. शिवाय फोन पूर्ण आवाजात अर्धा ते एक व्होल्ट देतो, म्हणजे सुईच्या शंभर-दोनशे पट. सर्किटला तो झेपत नाही.

म्हणून केबल ऑक्समध्ये लावावी. ऑक्स मोकळं नसेल तर ट्यूनर किंवा टेप इन चालतं, या तिघांच्या मागची व्यवस्था सारखीच असते. टेप इन वापरलं तर पुढचं ‘टेप मॉनिटर’चं बटण दाबावं लागतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि आवाजच का येत नाही म्हणून ते केबल बदलत बसतात. टेप आउटमध्ये लावून काहीच वाजणार नाही, कारण तिथून आवाज बाहेर जातो.

आता आवाजाचं बटण. समजा, ॲम्प्लिफायर दर बाजूला तीस वॉटचा आहे आणि त्याच्या माहितीपत्रकात ऑक्सची संवेदनक्षमता १५० मिलिव्होल्ट लिहिली आहे. याचा अर्थ, बटण पूर्ण फिरवलेलं असताना ऑक्सवर १५० मिलिव्होल्ट आले की तीस वॉट बाहेर पडतात. फोन एक व्होल्ट देत असेल तर तो गरजेच्या जवळजवळ सातपट झाला. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये बटण मध्यावर असताना आत आलेल्या व्होल्टेजचा सातवा ते दहावा भाग पुढे जातो. म्हणजे गाण्यातल्या सगळ्यात जोरकस जागी बटण मध्याच्या आसपास असतानाच ॲम्प्लिफायरची ताकद संपू लागते. त्यापुढे फिरवलं तर लहरींचे माथे छाटले जातात, आणि हा छाटलेला आवाज स्पीकरमधल्या छोट्या ट्वीटरला जाळू शकतो. ‘अजून अर्धं बटण बाकी आहे’ हा हिशेब इथे चुकीचा आहे.

मग फोनचाच आवाज कमी ठेवावा का? नाही. फोन अगदी हळू ठेवला तर उरलेली वाढ ॲम्प्लिफायरला करावी लागते, आणि त्याच्या आतली बारीक सूंसूंही गाण्याबरोबर मोठी होते. फोन पूर्णपेक्षा एक-दोन घरं खाली ठेवावा, फोनमधला इक्वलायझर बंद करावा आणि रोजचा आवाज ॲम्प्लिफायरवरून कमी-जास्त करावा.

जोडताना ॲम्प्लिफायर बंद आणि त्याचं बटण शून्यावर असू द्या. आधी दोन्ही आरसीए पिना, मग फोनची पिन, मग निवडीचं बटण ऑक्सवर, आणि शेवटी वीज. काढतानाही आधी आवाज शून्यावर आणावा. पिन सॉकेटमधून सरकताना तिचे भाग भलत्या जागी टेकतात आणि स्पीकरमध्ये धाडकन ठोका बसतो. फोन विमान मोडवर ठेवला तर मध्येच रिंगटोन घणघणत नाही.

दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली घरघरीची. गाणं थांबवलं तरी ती चालूच राहिली तर फोनचा चार्जर काढून पाहा. घरघर थांबली तर दोष केबलचा नाही, चार्जरमधून गळणारा बारीक प्रवाह केबलच्या जाळीवाटे ॲम्प्लिफायरकडे जातोय. फोन बॅटरीवर वाजवणं हा सगळ्यात सोपा उपाय. दुसरी तक्रार चमत्कारिक वाटते: वाद्यं ऐकू येतात, पण गायिकेचा आवाज दूर, पोकळ, कधी जवळजवळ गायब. फोनची पिन पूर्ण आत गेलेली नसते, बऱ्याचदा फोनच्या जाड कव्हरमुळे. त्यामुळे दोन्ही बाजूंची सामाईक वायर सुटते आणि स्पीकरमधून फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. गायन दोन्हीकडे सारखं भरलेलं असल्याने ते वजा होतं. कव्हर काढून पिन खट्ट बसेपर्यंत दाबली की गायिका परत येते.

नव्या फोनला ३.५ मिलिमीटरचं भोक नसतं, तेव्हा टाइप-सीचं ॲडॉप्टर लागतं. ते आत स्वतःची डॅक चिप असलेलंच घ्या. नुसत्या वायरचं स्वस्त ॲडॉप्टर अनेक फोन ओळखतच नाहीत. ॲम्प्लिफायरवर आरसीएऐवजी पाच भोकांचं गोल डिन सॉकेट असेल, तर डिन ते आरसीए केबल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारावी. ॲम्प्लिफायर एकाच स्पीकरचा, मोनो असेल, तर दोन पिना एकत्र जोडू नका, कारण मग फोनची दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करावा आणि एकच पिन लावावी.

व्हॉल्व्हच्या काही जुन्या रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो आणि पत्र्याची चौकट थेट घरच्या विजेला जोडलेली असते. केबलची जाळी त्या चौकटीला लागली तर २३० व्होल्ट फोनपर्यंत आणि फोन धरलेल्या हातापर्यंत पोचतात. आत ट्रान्सफॉर्मर आहे याची मेकॅनिकने खात्री दिल्याशिवाय अशा रेडिओला फोन जोडू नये.