सोयाबीनच्या प्रात्यक्षिकाला गुण देताना

सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासण्याचे प्रात्यक्षिक खरिपाआधी गावोगाव होते. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडून गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि आठवडाभराने निरोगी कोंब मोजायचे. स्पष्टतेचे गुण सहाय्यक कृषी अधिकाऱ्याच्या भाषणाला नव्हे, तर शेवटी एखाद्या शेतकऱ्याला सगळी कृती न चुकता सांगता आली का, याला द्यावेत. गोणपाट घरात असतेच, त्यामुळे उपयुक्ततेचा प्रश्न लवकर सुटतो. सहभाग हजेरीपटावरून कळत नाही. दाणे किती जणांनी स्वतः मांडले ते पाहावे. निवडून टपोरे दाणेच घेतले असतील, तर निकाल फसवा येतो. खरी परीक्षा पाठपुराव्याची. गुंडाळी उघडण्याचा दिवस ठरला नसेल, तर गुण कापावेत, कारण कोंब 70 पेक्षा कमी निघाले, तर एकरी बियाणे वाढवण्याचा निर्णय त्याच दिवशी होतो.